हिरवळीवरचा खुर्च्यांचा ढीग काढायचाय: फ्रिक्वेन्सी सेपरेशन करूनही डाग दिसतोय

कोथरूडची_कैरी | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस एका लॉन्सवर केला. संध्याकाळी पाचच्या सुमारास, ऊन कलतं असताना, दोघांचा एकच फोटो असा आला की घरातले सगळे म्हणाले, हाच मोठा करून भिंतीवर लावायचा. त्या फोटोत उजवीकडे मंडपवाल्यांनी निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लावून ठेवली आहे. फोटो काढताना माझं लक्ष फक्त सासूबाईंच्या नथीकडे होतं.

फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे. चळत आणि तिची सावली मिळून साधारण ११०० × ९०० पिक्सेलची जागा अडते. मागे-पुढे सगळी हिरवळच. आधी फोटोशॉपचं Content-Aware Fill सरळ वापरलं. गवत आलं, पण डावीकडचं पिवळसर उन्हातलं गवत उजवीकडच्या गार हिरव्यात ठिगळासारखं बसलं. मग व्हिडिओ बघून फ्रिक्वेन्सी सेपरेशन केलं, म्हणजे ब्लर केलेला रंग-उजेड खालच्या लेयरवर आणि बारीक पोत वरच्या लेयरवर असा फोटो वेगळा केला, ब्लरचा रेडियस ८. खालच्या लेयरवर रंग सारखा केला, वरच्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने गवत ओढलं. जवळून पाहिलं तर पाती एकदम खरी. लांबून पाहिलं तर तिथे कुणीतरी हिरवी सतरंजी अंथरून वर पाती भुरभुरवल्यासारखं दिसतंय. माझं काय चुकतंय?

सदाशिव_पेठकर | शनिवार, रात्री १०:५२

क्रॉप करा. खुर्च्या उजवीकडे आहेत म्हणताय ना?

कोथरूडची_कैरी | शनिवार, रात्री १०:५५

क्रॉप केलं तर सासऱ्यांचा उजवा हात जातो. त्याच हातात काठी आहे, आणि ती काठी त्यांच्या वडिलांची आहे. हात ठेवावाच लागेल. 🙂

शटरशास्त्री | शनिवार, रात्री ११:१५

ताई, तुमचं सेपरेशनच नीट झालं नसणार. वरच्या लेयरवर Apply Image उघडा, Blending मध्ये Subtract, Scale 2, Offset 128. मग त्या लेयरचा मोड Linear Light करा. दोन्ही लेयर चालू ठेवल्यावर मूळ फोटो जसाच्या तसा दिसला पाहिजे. रेडियस ८ अगदी बरोबर आहे, मी गेली सहा वर्षं सगळ्या कामाला ८ किंवा १० च ठेवतो. क्लोन करताना ब्रश मऊ ठेवा, कडा दिसणार नाहीत.

नवखा_नारायण | शनिवार, रात्री ११:३०

मी पण हेच वापरतो, पिंपल्सवर मस्त चालतं. पण त्वचा फार प्लास्टिकसारखी होऊ नये म्हणून खालच्या लेयरवर ब्लर कमी द्या. सासूबाईंचा क्लोजअप आहे का? टाका इथे, बघतो.

कोथरूडची_कैरी | शनिवार, रात्री ११:३४

नारायण, चेहऱ्याला हात लावायचाच नाहीये हो. खुर्च्या काढायच्या आहेत. सासूबाईंना सुरकुत्या कमी केल्याचं कळलं तर मलाच फोटोतून काढतील.

लोलक | रविवार, सकाळी ७:२०

कैरीताई, तुमची "हिरवी सतरंजी" हेच या दुखण्याचं अचूक लक्षण आहे, आणि तिचं मूळ त्या ८ मध्ये आहे. शास्त्रीबुवांचे आकडे ८ बिटच्या फाइलला बरोबर आहेत. १६ बिट असेल तर तेच काम Add निवडून, Invert वर टिक करून, Scale 2, Offset 0 ने करतात. पण रेडियस हा सवयीचा आकडा नाही. तो फोटोतल्या पोताच्या मापावरून ठरतो.

तुमच्या फोटोत गवताचं एक पातं किती रुंद आहे? अंदाजे ४-५ पिक्सेल असेल. पण हिरवळ म्हणजे नुसती पाती नव्हेत. पात्यांचे झुबके असतात, दोन झुबक्यांच्या मध्ये काळोखी फट असते, मध्येच वाळका पिवळा ठिपका असतो. हा झुबका ५० ते ८० पिक्सेलचा असणार. रेडियस ८ ठेवलात की पाती वरच्या लेयरवर गेली, पण झुबके आणि फटी खालच्याच लेयरवर राहिल्या. आणि खालच्या लेयरवर तुम्ही "रंग सारखा" केलात, म्हणजे नेमके झुबके पुसलेत. उरली ती सतरंजी.

चेहऱ्यावर ८ चालतो, कारण तिथे छिद्रांपेक्षा मोठं आणि उजेडापेक्षा लहान असं फारसं काही नसतं. गवतात सगळा जीव त्या मधल्या मापात असतो.

तेव्हा रेडियस वाढवा. खालचा लेयर एकटा चालू करून बघा. "ही हिरवळ आहे" हे ओळखू येत असेल तर रेडियस अजून कमी आहे. नुसता हिरवा-पिवळा उजेड, धुक्यातून दिसावा तसा, राहिला पाहिजे. तुमच्या फोटोला ६० च्या आसपास लागेल असं वाटतं.

कोथरूडची_कैरी | रविवार, सकाळी ९:०५

६० करून पाहिलं. खालचा लेयर धुक्यासारखा झाला खरा, पण आता खुर्च्यांचा निळा रंग चहूकडे पसरला. चळतीच्या बाहेर शंभरेक पिक्सेलपर्यंत गवत निळसर दिसतंय. आणि वरच्या लेयरवर चळतीभोवती त्याच्या उलट, पिवळट कडं आलंय. तिथलं गवत क्लोनला घेतलं की ते पिवळंही सोबत येतं.

शटरशास्त्री | रविवार, सकाळी ९:१२

म्हणूनच मी ८ म्हणत होतो.

लोलक | रविवार, सकाळी ९:४०

शास्त्रीबुवा, ८ ला पण हे होतंच. फक्त पसारा पंधरा-वीस पिक्सेलचा असतो, म्हणून डोळ्यांत भरत नाही. ब्लर म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी, आणि शेजारी निळी खुर्ची असेल तर निळा येणारच. रेडियसच्या दुपटीपर्यंत तो ठळक दिसतो.

क्रम उलटा करा. आधी खुर्ची घालवायची, मग लेयर वेगळे करायचे. फोटोशॉपमध्ये असं:

खुर्च्या आणि सावलीभोवती थोडी मोकळी जागा सोडून सिलेक्शन करा आणि सेव्ह करून ठेवा, ते पुन्हा पुन्हा लागेल. लेयरची कॉपी करून त्या जागी Content-Aware Fill द्या. तुमचं पहिलं ठिगळवालं, तेच. ते वाईट दिसलं तरी चालेल, निळं गेलं एवढंच हवंय. आता या भरलेल्या कॉपीवरून ६० रेडियसने दोन लेयर करा. निळं नाही, तर पिवळं कडंही नाही.

खालच्या लेयरवर आता ठिगळाचा चुकीचा उजेड ढगासारखा उरलेला दिसेल. सिलेक्शन शंभर-सव्वाशे पिक्सेलने वाढवा आणि Patch Tool ने शेजारच्या जागेवर ओढा. तो कडांशी जुळवून घेतो, आणि खालच्या लेयरवर पोत नसल्यामुळे बिघडण्यासारखं काही नसतं. डावीकडून उजवीकडे ऊन जसं उतरतं तसं एकसंध दिसलं की तो लेयर झाला.

मग वरचा लेयर. खरं काम इथे आहे. उजेड निघून गेल्यामुळे डावीकडचं गवत आणि उजवीकडचं गवत एकाच पातळीवर आलं आहे. ठिगळ बसण्याचं तुमचं मूळ कारण संपलं. याच लेयरवर पुन्हा Content-Aware Fill उघडा, Color Adaptation बंद ठेवा, आणि हिरव्या रंगात दिसणारा नमुन्याचा भाग स्वतः रंगवा. चळतीच्या डावीकडचा आणि उजवीकडचा पट्टा घ्या, वरचा-खालचा पुसून टाका. कारण कॅमेऱ्यापासून लांबचं गवत बारीक दिसतं आणि जवळचं जाड. तुमच्या ९०० पिक्सेल उंचीच्या जागेत वरच्या कडेला झुबका ५० चा असेल तर खाली ८० चा असेल. वरचं गवत खाली आलं तर माणसाला कारण सांगता येत नाही, पण जमीन खचल्यासारखी वाटते. शक्य असेल तर जागा आडव्या तीन पट्ट्यांत भरा, प्रत्येकीला तिच्याच उंचीचा नमुना द्या.

पेन्शनर_पेंटॅक्स | रविवार, दुपारी १२:१०

मी गिंपवाला. आमच्याकडे हेच Grain extract आणि Grain merge या मोडने होते, आणि वरचा थर भरायला Resynthesizer चे Heal Selection आहे. पण मला कच्चे भरणे पटत नाही. आधी खोटे गवत घालायचे, मग त्याचाच ब्लर करायचा! म्हणून पायथॉनमध्ये खुर्च्यांना शून्य वजन देऊन ब्लर केला: चित्र आणि मास्कच्या गुणाकाराचा ब्लर, भागिले मास्कचा ब्लर. कडेला निळे अजिबात आले नाही. पण चळतीच्या मधोमध काळा खड्डा पडला. आयुष्यभर हिशेब तपासण्यात गेले, इथे भागाकार कुठे चुकतोय ते सापडत नाही.

लोलक | रविवार, दुपारी १:३०

काका, भागाकार बरोबर आहे, भागायला काही उरलंच नाही. मध्यापासून सर्वांत जवळची कड ४५० पिक्सेलवर. ६० च्या ब्लरला तिथपर्यंत पोचता पोचता वजन शून्य होतं. शून्य भागिले शून्याला तुम्ही एखादा बारीक आकडा देऊन वाचवलं असणार, त्यातून काळं आलं.

चित्र सोळाव्या हिश्शाने लहान करा. खड्डा ७० × ५६ चा होतो आणि ६० चा ब्लर सुमारे ४ चा. मग बाहेरचे पिक्सेल तसेच ठेवून फक्त आतले पुन्हा पुन्हा ब्लर करत राहा. कडेचा उजेड हळूहळू मध्यापर्यंत झिरपतो.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("lawn.tif", -1).astype(np.float32) / 65535
hole = (cv2.imread("mask.png", 0) > 127).astype(np.float32)
H, W = hole.shape
sz = (W // 16, H // 16)
base = cv2.resize(img, sz, interpolation=cv2.INTER_AREA)
k = cv2.resize(hole, sz, interpolation=cv2.INTER_AREA) > 0
base[k] = base[~k].mean(axis=0)
for _ in range(300):
    base[k] = cv2.GaussianBlur(base, (0, 0), 4)[k]
low = cv2.resize(cv2.GaussianBlur(base, (0, 0), 4), (W, H),
                 interpolation=cv2.INTER_CUBIC)
high = img / np.maximum(low, 0.01)
```

फाइल १६ बिट आणि तीन चॅनेलची धरली आहे. `high` मध्ये खड्ड्याच्या आत खुर्च्यांचा कचरा राहील, तो पॅचने भरायचाच आहे. शेवटी `low * high`.

आणि हो, वजाबाकीऐवजी भागाकार मुद्दाम घेतला. उन्हातल्या गवतात पातं आणि फट यांच्यातला फरक मोठा असतो, सावलीतल्या गवतात तोच लहान होतो. वजाबाकी केली तर उन्हातला मोठा फरक तसाच सावलीत जाऊन बसतो आणि ते गवत कुरकुरीत, काटेरी दिसतं. भागाकारात उजेड कमी तर फरकही त्याच प्रमाणात कमी. फोटोशॉपच्या नेहमीच्या लेयरमध्ये हे जमत नाही, १ च्या वरचे आकडे पांढऱ्यात कापले जातात. तिथे वजाबाकीच ठेवावी आणि सावलीत बसवलेल्या तुकड्याचा कॉन्ट्रास्ट हाताने उतरवावा.

पेन्शनर_पेंटॅक्स | रविवार, दुपारी ३:४५

खड्डा बुजला. (पुणे महापालिकेच्या हद्दीत असूनही.) धन्यवाद.

कोथरूडची_कैरी | रविवार, संध्याकाळी ६:२०

सतरंजी गेली! पण दोन गोष्टी खटकतायत. एक, भरलेल्या जागेच्या कडेने गवताचा पुसट पट्टा दिसतो, जणू तिथे कुणी ओला फडका फिरवलाय. तिथे जोड लपवायला मी क्लोन स्टॅम्प मऊ ब्रशने फिरवला होता. दोन, नमुना कमी पडला म्हणून डावीकडचा तुकडा आडवा उलटवून उजवीकडे लावला. तो का कोण जाणे, नजरेला टोचतो.

शटरशास्त्री | रविवार, संध्याकाळी ६:३५

मऊ ब्रशने पुसट? मऊ ब्रशने तर जोड जातो. चेहऱ्यावर रोज करतो हो मी.

लोलक | रविवार, रात्री ८:००

मऊ ब्रशच्या कडेवर दोन गवतं एकमेकांत निम्मी-निम्मी मिसळतात. एकाच्या पात्यावर दुसऱ्याची फट येते, दोघंही एकमेकांना खातात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन पोतांची अशी सरासरी काढली की कॉन्ट्रास्ट ७० टक्क्यांवर येतो. तोच तुमचा ओला फडका. त्वचेचा पोत मुळात इतका मंद असतो की तिथे हा उतार कळत नाही, म्हणून शास्त्रीबुवांनाही तो कधी दिसला नसेल.

वरच्या लेयरवर ब्रश कडक ठेवा, आणि जोड सरळ रेषेत किंवा गोलाकार न्यायचा नाही. झुबक्यांच्या मधल्या काळ्या फटींतून वाकडातिकडा न्या. फटीला फट मिळाली की जोड कुणाला दिसत नाही. पॅच जोडणारे प्रोग्रॅमही हेच करतात. दोन तुकडे थोडे एकमेकांवर ठेवून त्यांच्यातला फरक जिथे सर्वांत कमी, त्या वाटेने कापतात. एफ्रोस आणि फ्रीमन यांनी २००१ मध्ये ही रीत मांडली, गोधडी शिवण्याच्या नावाने. आपल्या आज्या तुकड्याची कड बघूनच टाका घालायच्या, ते वेगळं.

उलटवलेल्या तुकड्याचं सोपं आहे. तुमचं ऊन डावीकडून येतंय, प्रत्येक झुबक्याची डावी बाजू उजळ आहे. उलटवल्यावर उजवी बाजू उजळ झाली. एका हिरवळीवर दोन सूर्य. ब्लरने मोठा उजेड निघाला, पण झुबक्याच्या अंगावरचा उजेड पोतातच राहतो. आरसा नको, फिरवणंही नको. नमुना कमी पडत असेल तर त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोतलं गवत आणा. लेन्स आणि उभं राहायची जागा तीच हवी, आणि उंचीचा पट्टा जुळवून घ्या.

खडकवासला_एक्स्प्रेस | रविवार, रात्री ९:१०

मध्येच घुसतो. माझा प्रश्न पाण्याचा आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवरून काढलेला फोटो, पाण्यात तराफा आहे, तो काढायचाय. वरची सगळी कृती केली. तराफा गेला, पण पाणी उकडलेल्या बटाट्यासारखं गुठळ्या-गुठळ्यांचं दिसतंय.

लोलक | रविवार, रात्री ९:४५

पाण्याला ही रीत अर्धवटच लागू पडते. गवताचे झुबके कुठेही ठेवले तरी चालतात, लाटा एकमेकींचं बोट धरून चालतात. एक लाट तुकड्याच्या कडेवर तुटली की गुठळी. पॅच लाटेपेक्षा लहान असेल तर तेच होणार. तुकडा उंचीला तीन-चार लाटा मावतील एवढा आणि रुंदीला शक्य तेवढा लांब घ्या. आडवे लांब पट्टे, त्याच अंतरावरचे. आणि तराफ्याचं प्रतिबिंब काढलंत का? ते लाटांमुळे खाली लांबवर ओघळतं, बहुतेक जण निम्मंच सिलेक्ट करतात.

टेकडीवरचा_ढग | रविवार, रात्री १०:१५

पाण्याच्या बाबतीत मी लोलकशी सहमत नाही. मी पाण्यावर लेयर वेगळे करतच नाही. दूरच्या पाण्यात आकाशाचा रंग आणि लाट एकच असते, लाटेचा उतार बदलला की रंग बदलतो. ते वेगळं करायला गेलं की दोन्ही बिघडतात. शेजारचा मोठा सलग तुकडा उचलून सरळ ठेवतो आणि फक्त कडा जुळवतो. वाळूला मात्र वरची रीत उत्तम. काशीदच्या किनाऱ्यावरचे फोटो मी तसेच साफ केलेत. फक्त वाळूवर वाऱ्याच्या रेघा असतील तर त्या तुकड्यांतून सलग गेल्या पाहिजेत.

लोलक | रविवार, रात्री १०:३०

शांत पाण्याला तुमचं पटतं. वारा असलेल्या, पुढून मागे झपकन उजळत जाणाऱ्या पाण्याला मी अजूनही खालचा लेयर वेगळाच करेन, रेडियस मोठा ठेवून. एक्स्प्रेस, दोन्ही करून बघा आणि इथे टाका.

कोथरूडची_कैरी | सोमवार, रात्री ११:०५

कडक ब्रशने, फटीफटींतून, दोन तास. पट्टा गेला. दुसऱ्या फोटोतलं गवत आणलं, दोन सूर्यही गेले. तपासायला तीन गोष्टी केल्या: फोटो काडेपेटीएवढा करून पाहिला, आडवा उलटवून पाहिला, आणि वर तात्पुरता Curves लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भयंकर वाढवला. त्यात एक वाळका पिवळा ठिपका तीनदा सापडला, दोन उडवले.

आता एकच राहिलंय. मंडपाच्या खांबाची लांब सावली चळतीच्या खाली शिरत होती आणि पलीकडून बाहेर निघत होती. चळत गेल्यावर ती मध्येच गायब होते, जणू खांब तुटलाय. खालच्या लेयरवर उजेड झिरपतो तसा सावलीचाही नुसता धूर झालाय.

लोलक | मंगळवार, सकाळी ७:१५

बरोबर, तो या रीतीच्या आवाक्याबाहेरचा भाग आहे. झिरपणाऱ्या उजेडाला कड माहीत नसते. तसंच ६० चा ब्लर सावलीच्या खऱ्या कडेलाही दोन्हीकडे धूर करतो, त्यामुळे तिथलं गवत नमुन्याला घेऊ नका.

सावली हाताने ओढावी लागेल. आधी सावली नाहीच असं समजून खड्डा उन्हाच्या गवताने भरा. मग सर्वांत वर एक Curves लेयर घ्या, दोन्ही टोकांच्या खऱ्या सावलीशी जुळेल एवढा काळोख आणि किंचित निळसरपणा द्या. मास्कमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा रंगवा. खांबाच्या बुडाशी सावलीची कड धारदार असते आणि लांब जाईल तशी मऊ होते. दोन्ही टोकांची कड मोजून मधली बेताची ठेवा.

पेन्शनर_पेंटॅक्स | मंगळवार, सकाळी ८:३०

किंवा बाहेर दिसणारी सावलीची दोन्ही टोकेही काढून टाका. खांब फोटोत आहे का?

कोथरूडची_कैरी | मंगळवार, सकाळी ८:४१

काका!! खांब फोटोत नाहीच आहे. फक्त सावली आहे. पण एक टोक सासूबाईंच्या पदरावर पडलंय, त्याचं काय करू?

सदाशिव_पेठकर | मंगळवार, सकाळी ८:५०

पदराला हात लावायच्या आधी त्यांना विचारा.